‘सही कोण आणणार?’ : अंतर्गत भरतीचा माझा अनुभव

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीनिंगच्या कारखान्यात मी एचआर बघते. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या दोन जागा बाहेर जाहिरात न देता आधी आपल्याच लोकांसाठी खुल्या करायच्या, असं वरून ठरलं. मंजुरी, पात्रता, पगाराची श्रेणी हे सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते अर्जातल्या एका रकान्यापाशी. त्या रकान्याचं नाव काढलं की मी अजूनही तापते.

नोटीस टाइम ऑफिसच्या बाहेर आणि कॅन्टीनमध्ये लावली. मुदत निम्मी संपली, तरी एक अर्ज नाही. ‘लोकांना रस नाही, बाहेरून घ्या,’ असं मीटिंगमध्ये बोलणंही सुरू झालं. पण रस नसता तर कोणी विचारायलाही आलं नसतं. इथं तर रोज कोणी ना कोणी जिन्यात गाठायचं. डिप्लोमा नोकरी सांभाळून केलेला चालतो का? जागा खरीच आहे, का माणूस आधीच ठरलाय? चौकशा येतात आणि अर्ज येत नाहीत, तेव्हा अडचण जागेत नसते, अर्जात असते.

शेवटी सीएनसीवरच्या एका ऑपरेटरने सांगून टाकलं, “फॉर्म भरतो ओ मॅडम, पण सायबांची सही कोण आणणार?”

अर्जाचा नमुना हेड ऑफिसचा. तळाला रकाना होता, ‘विभागप्रमुखांची शिफारस व सही’. म्हणजे अर्ज करण्याआधीच साहेबांना जाऊन सांगायचं, की मला तुमच्याकडून जायचंय. “निवड झाली तर बरं. नाही झाली तर परत त्यांच्याच हाताखाली,” तो म्हणाला. मग तिसरी पाळी कोणाच्या वाट्याला येणार, ओव्हरटाइमच्या यादीतून कोणाचं नाव गळणार आणि गणपतीची रजा कोणाची नाकारली जाणार, हे शॉपवर सगळ्यांना माहीत असतं. तसं कोणी करतं का, हा प्रश्नच नव्हता. तसं होईल असं वाटणंच अर्ज थांबवायला पुरेसं होतं.

मला वाटलं, रकाना काढून टाकू, त्यात काय एवढं. पण तो अर्ज म्हणजे आयएसओच्या कागदपत्रांतला नियंत्रित फॉरमॅट. त्याला क्रमांक, त्याला रिव्हिजन. बदल करायचा तर चेंज नोट भरा, आणि त्या चेंज नोटवर सह्या कोणाच्या? सगळ्या विभागप्रमुखांच्या! विभागप्रमुखांची सही काढायला विभागप्रमुखांच्याच सह्या. हेड ऑफिसला चेंज नोट मेल केली, तर ‘ऑडिटनंतर बघू’. फोन केला, तर ‘मेल करा’. आठवण करून दिली, तर संबंधित व्यक्ती रजेवर. तोवर इकडे मुदत संपत चाललेली.

मग मी सरळ प्रॉडक्शनच्या साहेबांकडे गेले. ते तडकले, “माझा माणूस मला न विचारता जाणार? उद्या डिस्पॅच अडला तर तुम्ही मशीन चालवणार का?” खरं सांगायचं तर त्यांची भीतीही खोटी नव्हती. चांगला सेटर घडवायला वेळ जातो, आणि तो एका चिठ्ठीवर निघून गेला तर टार्गेटचा जाब त्यांनाच विचारतात. त्यांना खुन्नस काढायची नव्हती, माणूस अचानक जाईल याची धास्ती होती. म्हणून बोलणं सहीवरून सुटकेच्या तारखेवर नेलं. निवड झाली की पंचेचाळीस दिवसांत बदली माणूस द्यायची जबाबदारी एचआरची. त्या मुदतीत जाणाऱ्याने नव्याला काम शिकवायचं. आणि मुदत संपली की त्याला अडवायचं नाही, बदली मिळो न मिळो. हे त्यांना पटलं. ते पटल्यावर फॉरमॅटलाही हात लावावा लागला नाही: तोच रकाना राहिला, फक्त सही अर्जाच्या वेळी न घेता निवडीनंतर घ्यायची, असं प्लँट हेडच्या सहीचं परिपत्रक काढलं.

मुदत वाढवून नवी नोटीस लावली. त्यात दोन वाक्यं ठळक होती. ‘अर्ज करण्यासाठी विभागप्रमुखांची परवानगी लागणार नाही. मुलाखतीला निवडलेल्यांचीच नावे, त्या कर्मचाऱ्यांना आधी सांगून, विभागप्रमुखांना कळवली जातील.’ अर्ज थेट एचआरच्या केबिनमध्ये घेतले. टाइम ऑफिसबाहेर पेटी ठेवायचा सल्ला मिळाला होता, पण तिथं पाळी बदलताना गर्दी असते, कोण काय टाकतंय ते सगळे बघतात. अर्ज येऊ लागले. सहीचं विचारणाऱ्या त्या ऑपरेटरचाही आला.

हे आधी सांगायला हवं होतं: नाव अर्जातूनच फुटतं असं नाही. पाळीच्या वेळात लेखी परीक्षेला बोलावलं की मशीन सोडायला परवानगीची चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठीवर सही साहेबांचीच. म्हणून परीक्षा तीन वाजता, पहिली सुटून दुसरी सुरू होण्याच्या सुमारास ठेवली. दुसऱ्या पाळीवाल्यांना लवकर बोलावलं. हजेरीचा रेकॉर्डही विभागाकडून न मागवता सिस्टीममधून काढला.

परीक्षेत आम्ही निबंध लिहून घेतले नाहीत. एकच मशीन केलेला जॉब आणि त्याचं ड्रॉइंग सगळ्यांसमोर ठेवलं. ड्रॉइंगवर बोअरचं, जॉबमधल्या भोकाचं, माप ४० एच७, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५ मिमी. टेबलावर व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि बोअर गेज. ज्याने नुसता व्हर्नियर उचलून ‘ओके’ लिहिलं तो तिथेच मागे पडला. व्हर्नियरचं लघुत्तम माप ०.०२ मिमी, आणि इथं अख्खा टॉलरन्सच ०.०२५! ज्यांनी बोअर गेज आधी सेट करून घेतला आणि बोअर वरती, मध्ये, तळाला अशा तीन ठिकाणी मोजला, त्यांना बोअर एका टोकाला मोठा झालेला सापडला. खरं माप स्टँडर्ड रूममधून आधीच काढून ठेवलं होतं. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, फक्त क्रमांक. तपासणाऱ्यांत प्रॉडक्शनचं कोणी नव्हतं.

वार्षिक मूल्यांकनाला शंभरात वीसच गुण ठेवले, त्याला कारण आहे. ते मूल्यांकन त्याच साहेबांनी दिलेलं असतं. त्याला निम्मे गुण दिले असते, तर पुढच्या दाराने काढलेली सही मागच्या दाराने आत आली असती. हा मुद्दा समितीत मांडला तेव्हा दोघे हसले, पण कबूल झाले.

निकालाच्या दिवशी निवड न झालेल्या प्रत्येकाला मी आधी, एकेकाला बसवून सांगितलं, नोटीस नंतर लावली. ‘प्रयत्न करत राहा’ म्हणण्यात अर्थ नसतो. ‘तुझं ड्रॉइंग वाचन बरोबर होतं, गेज सेट न करता माप घेतलंस’ असं सांगितलं की माणूस पुढच्या वेळी काय करायचं ते घेऊन जातो. एकाला राग आला, त्याने आपली उत्तरपत्रिका मागितली. दाखवली. गप्प बसला नाही, पण वशिल्याचं बोलणं थांबलं. तो सीएनसीवाला ऑपरेटर दोनपैकी एका जागेवर लागला. प्रॉडक्शनच्या साहेबांनी त्याला पंचेचाळिसाव्या दिवशीच सोडला, एक दिवसही आधी नाही.

एक राहिलं. पात्रतेत ‘सध्याच्या पदावर किमान दीड वर्ष’ लिहिताना ते कोणत्या तारखेपर्यंत मोजायचं तेही लिहा, आम्ही अर्जाची शेवटची तारीख धरली. मुदत वाढवली तर ही तारीखही पुढे जाते आणि काही जण नव्याने पात्र होतात, तेही त्याच नोटिशीत स्पष्ट करा. ठेकेदाराच्या कामगारांना ही जागा खुली नाही, हेही त्यातच लिहा. ते आमच्या पगारपत्रकावर नसतात, आणि अर्ज भरल्यावर नाही म्हणणं वाईट.

हेड ऑफिसचं उत्तर ऑडिटनंतर आलं. चेंज नोट अपुरी आहे म्हणून परत पाठवली होती, दोन विभागप्रमुखांच्या सह्या राहिल्या होत्या म्हणे.