फरशीपासून फरशीपर्यंत: आमच्या जिन्याचं माप कसं ठरलं

नकाशात जिन्याशेजारी एकच ओळ होती: '१८ रायझर, प्रत्येकी १७४ मिमी'. रायझर म्हणजे पायरीचा उभा चढ. खालच्या काँक्रीटपासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंतचं अंतर ३१४० मिमी, त्याला १८ ने भागून आलेला हा आकडा. भागाकार बरोबर होता, फक्त आपण काँक्रीटवर राहत नाही, फरशीवर राहतो. आमच्या घरात खाली सिमेंटचा माल आणि फरशी मिळून ७५ मिमी चढणार होते, वर ५० मिमी आणि पायऱ्यांवर दगड आणि त्याखालचा माल मिळून ४० मिमी. तीन जागी तीन वेगवेगळ्या जाड्या, आणि नकाशात त्यातली एकही धरलेली नव्हती.

मिस्त्रींचा हिशोब तर आणखी सोपा होता. "ताई, सात इंच उंची, दहा इंच रुंदी. डोळे झाकून घ्या. आजवर एकानेही तक्रार केली नाही."

सात-दहा हे माप मुळात वाईट नाहीच. पण जिन्याची एकूण उंची आपल्या सोयीने बदलत नाही. आमची फरशी ते फरशी उंची निघाली ३१४० वजा ७५ अधिक ५०, म्हणजे ३११५ मिमी. सात इंच म्हणजे १७८ मिमी. अशा १७ पायऱ्यांत ३०२६ होतात आणि वर ८९ मिमी उरतात, बरोबर अर्धी पायरी! ती कुठेतरी घुसवावीच लागते, आणि बहुतेक वेळा ती जिन्याच्या अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला जाऊन बसते. म्हणून उंची आधी ठरवून पायऱ्या मोजायच्या नाहीत. एकूण उंचीला पूर्ण संख्येनेच भागायचं आणि जी उंची येईल ती पायऱ्यांना द्यायची.

३११५ ला १७ ने भागलं की १८३ येतात, १८ ने १७३ आणि १९ ने १६४. आता यातलं कोणतं घ्यायचं?

इथे एक जुना नियम कामाला येतो. सतराव्या शतकातला फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लाँडेल याने मांडलं की माणसाचं सपाटीवरचं पाऊल जेवढं पडतं, तेवढंच जिन्यावर पडायला हवं, आणि वर उचललेला प्रत्येक इंच पुढे टाकलेल्या दोन इंचांबरोबर धरायचा. म्हणजे दोन रायझर अधिक एक ट्रेड, अर्थात पायरीची आडवी रुंदी, मिळून एक पाऊल. त्याने ते २४ फ्रेंच इंच धरलं होतं, आजच्या मापात सुमारे ६५ सेंटिमीटर. आता साधारण ६०० ते ६४० मिमीच्या दरम्यान बेरीज बसवतात. मी ६२० च्या आसपास राहायचं ठरवलं.

पण या सूत्राला स्वतःची अक्कल नाही. २५० ची उंची आणि १२० ची रुंदी घेतली तरी बेरीज ६२० च येते, आणि तो जिना राहत नाही, शिडी होते. म्हणून दोन टोकं वेगळी बांधून घ्यावी लागतात. घरातल्या जिन्याला उंची साधारण १५० ते १८० च्या आत आणि रुंदी २५० पेक्षा कमी नको, असं मी धरलं.

१९ रायझरचा जिना सर्वांत सौम्य झाला असता. १६४ ला २९० चा ट्रेड. पण आमचा जिना मधे चौक घेऊन उलट वळणारा. १९ रायझर म्हणजे एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला ९. दहा रायझरना ट्रेड नऊच लागतात, कारण दहावा ट्रेड म्हणजे चौक स्वतः. नऊ गुणिले २९० म्हणजे २६१०. जिन्याच्या खोलीची लांबी ३३००, त्यामुळे चौकाला उरतात ६९०, आणि जिन्याची रुंदी तर ९५०. चौक जिन्याच्या रुंदीपेक्षा अरुंद झाला की कपाट वळत नाही आणि आजारी माणसाला धरून उतरवताना वळणावरच अडकायला होतं. १९ तिथेच बाद.

१८ मध्ये दोन्ही बाजूंना नऊ-नऊ रायझर, आठ-आठ ट्रेड. १७३ ला २७५ चा ट्रेड घेतला तर बेरीज ६२१. आठ ट्रेडचे २२०० आणि चौकाचे १००० मिळून ३२००. बसलं, वर १०० मिमी हाताशी.

१७ ची शक्यता मात्र मला कागदावर खोडता येईना. १८३ आणि २५५, उंची माझ्या १८० च्या जराच वर, बेरीज तीच ६२१, आणि चौकाला जास्त जागा. मग विटा, फळ्या आणि प्लायचे तुकडे रचून दोन्ही मापांच्या तीन-तीन पायऱ्या जमिनीवरच केल्या आणि बाबांना चढायला-उतरायला लावलं. चढताना त्यांना फारसा फरक जाणवला नाही. १८३ वर गुडघा जरा जास्त उचलला, एवढंच. उतरताना फरक लख्ख दिसला. २५५ वर त्यांनी दर वेळी पाऊल तिरकं टाकलं, कारण सरळ टाकलं की टाच मागच्या रायझरला घासत होती आणि ती सोडवायला पंजा कडेच्या बाहेर काढावा लागत होता. २७५ वर पाऊल आपोआप सरळ पडलं. चढताना पायाचा पुढचा भाग टेकला तरी भागतं. उतरताना अख्खं वजन पंजावर येतं आणि तो पंजा कडेच्या आत हवा. जिन्यावरून होणारे वाईट अपघात बहुतेक उतरतानाचे असतात, तेव्हा माप उतरणाऱ्या माणसाचं घ्यावं असं माझं मत झालं. १८ पक्के.

मिस्त्रींनी मधेच एक सुचवलं: पायरीचा दगड २५ मिमी पुढे काढू, ट्रेड तेवढा वाढेल. दगड पुढे काढायला माझी ना नव्हती, चढताना बुटाच्या टोकाला त्याखाली जागा मिळते. पण ट्रेड मोजायचा तो एका कडेपासून पुढच्या कडेपर्यंत. प्रत्येक कड २५ ने पुढे सरकली की दोन कडांमधलं आडवं अंतर २७५ चं २७५ च राहतं. दगड ३०० रुंद झाला, म्हणून ट्रेड ३०० झाला नाही.

आता मूळ गोम, म्हणजे ओतकाम. समजा नकाशाप्रमाणे सगळ्या पायऱ्या काँक्रीटमध्ये सारख्या १७४ च्या ओतल्या. पायऱ्यांवर ४० चढले, खालच्या जमिनीवर ७५. पहिली पायरी उरते १३९ ची. सगळ्यात वर, शेवटच्या पायरीवर ४० आणि मजल्यावर ५०, म्हणून शेवटचा चढ होतो १८४ चा. मधल्या सोळा १७४ च्या. कागदावर सगळं सारखं, आणि फरशी बसल्यावर पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा ३५ मिमी बुटकी आणि शेवटची १० मिमी उंच.

३५ तरी डोळ्याला दिसतात. मला भीती होती ती १० ची. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पाय उंची पाठ करतो आणि नंतर आपण खाली बघतही नाही. पाऊल कडेच्या अगदी थोडं वरून जातं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या ३६व्या स्ट्रीट स्टेशनवर एक पायरी बाकीच्यांपेक्षा साधारण अर्धा इंच उंच होती. २०१२ मध्ये तिथे केलेल्या चित्रीकरणात एकामागून एक माणसं त्याच पायरीवर अडखळताना दिसतात. चित्रण गाजलं तेव्हा ती पायरी दुरुस्त झाली.

यावर उपाय म्हणजे काँक्रीट मुद्दाम असमान ओतायचं. पहिल्या पायरीचा तयार माथा खालच्या काँक्रीटपासून ७५ अधिक १७३, म्हणजे २४८ वर यायला हवा. त्यातून दगड-मालाचे ४० वजा केले की २०८. तेव्हा काँक्रीटचा पहिला रायझर २०८, मधले सगळे १७३ आणि शेवटचा १६३. मिस्त्रींनी कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. "पहिली एवढी उंच? लोक मला हसतील." फरशी बसेपर्यंत हसू देत, म्हटलं.

सेंट्रिंगवर खुणा करताना एका पायरीवरून दुसरी मोजत गेलो असतो तर दर पायरीला मिलिमीटरभर चूक धरली तरी वर जाईपर्यंत पायऱ्यांत घोळ झाला असता. त्याऐवजी एक सरळ लाकडी पट्टी घेतली आणि तिच्यावर तयार माथ्यांच्या खुणा एकाच शून्यापासून केल्या: १७३, ३४६, ५१९ आणि तसंच पुढे. चौक १५५७ वर. शून्य म्हणजे खालच्या तयार फरशीची पातळी. ती पाण्याच्या नळीने भिंतीवर आणली, आणि तीही जिथे पहिली पायरी येणार तिथेच. खोलीच्या दुसऱ्या टोकाला खालचं काँक्रीट १२ मिमी खाली होतं. तिथून मोजलं असतं तर सगळी मेहनत वाया गेली असती.

सेंट्रिंग काढल्यावर चौथी पायरी ६ मिमी वर आलेली निघाली. फोडायची गरज पडली नाही. ४० पैकी दगड २० चा आणि उरलेले २० मालाचे, तिथे माल १४ चा घातला. मालासाठी एवढी जागा ठेवण्याचं कारणच ते. दगड थेट चिकटवणार असाल तर ओतकामात ही सूट मिळत नाही. वरच्या मजल्याची फरशी मात्र ऐनवेळी बदलली आणि ती आधीच्यापेक्षा ४ मिमी जाड आली. तिथेही खालचा माल तेवढाच कमी केला, कारण पातळी ठरलेली होती. फरशीची जाडी वाढली म्हणून पातळी वाढू दिली, की ती वाढ थेट शेवटच्या पायरीत येते.

दगड बसल्यावर तपासणी दोन तऱ्हेने केली. एक लांब, सरळ नळी पायऱ्यांच्या कडांवर तिरकी टेकवली. कड खाली असेल तिथे फट दिसते, वर असेल तिथे नळी डुलते. मग प्रत्येक रायझर टेपने मोजला. सगळे १७२ ते १७४ च्या आत आले. अमेरिकेतल्या घरांसाठीच्या नमुना बांधकाम संहितेत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या रायझरमध्ये ३/८ इंच, म्हणजे साधारण साडेनऊ मिमी, एवढाच फरक चालतो. नकाशाप्रमाणे ओतला असता तर आमचा फरक ४५ मिमी झाला असता.

कठड्याचे खांब त्यानंतरच लावले, कारण त्याची ९०० मिमी उंचीही तयार कडांच्या रेषेपासून मोजायची असते. पहिल्या पायरीपुढे पायपुसणं ठेवायचं असेल तर ते पातळच ठेवा. जाड ठेवलं की १७३ चे १५५ होतात.