पहाटेचे पाच, वजा आठ तास

सातपूरच्या एका कारखान्यात मी भट्टीचं वेळापत्रक लावतो. माल कधी घालायचा, कधी काढायचा, कोणती टोळी रात्रपाळीला, हे सगळं पूर्वी वहीत होतं. ते प्रोग्राममध्ये आणायचं म्हणून मी संध्याकाळी घरी बसून पायथन शिकायला घेतलं.

बाकी काढायची खूण `%` आणि पूर्णांक भागाकाराची `//`. या दोन्ही मला समजल्या त्या पेढ्यांवर. पुतण्या दहावी पास झाला होता. आई बिल्डिंगमध्ये वाटायला सहा-सहा पेढ्यांच्या पुड्या बांधत होती. पेढे भरले ५३. मी साध्या `/` ने भागलं तर उत्तर ८.८३ आलं. आई म्हणाली, "पॉइंट त्र्याऐंशी पुडी कुणाच्या घरी देणार आहेस?" तिला हव्या होत्या दोनच गोष्टी: पुड्या किती झाल्या आणि हातात किती उरले.

```python
53 // 6   # 8
53 % 6    # 5
```

आठ पुड्या, पाच पेढे उरले. शाळेत घोकलेलं भाज्य = भाजक × भागाकार + बाकी हेच ते. ६ × ८ + ५ = ५३.

घड्याळही असंच चालतं. संध्याकाळी आठला, म्हणजे २० वाजता माल घातला आणि नऊ तास ठेवायचा असेल, तर बेरीज येते २९. `29 % 24` म्हणजे ५, पहाटेचे पाच. `29 // 24` म्हणजे १, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे. बाकी तास सांगते आणि भागाकार दिवस सांगतो, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता. तारखेसाठी वेगळी अट लिहायची गरजच उरली नाही.

गाडी अडली ती कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर. तिथलं जुनं सॉफ्टवेअर जावामध्ये आहे, म्हणून माझा हिशोब मी जावात उतरवला. माल पहाटे पाचला काढायचा आहे, आठ तास ठेवायचा आहे, तर घालायचा कधी? ५ वजा ८ म्हणजे −३. पायथनमध्ये `-3 % 24` चं उत्तर २१ येत होतं, रात्रीचे नऊ, अगदी बरोबर. जावाने छापलं −३. भट्टीवाल्या दादांनी कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "साहेब, हे उणे तीन म्हणजे किती वाजता?"

दोन दिवस मला वाटत होतं की जावा चुकतंय. मग दोन्हीकडचा भागाकारही छापून बघितला. जावात −३ भागिले २४ चं उत्तर ०, कारण जावा अपूर्णांक कापून शून्याकडे सरकतं. पायथन खाली सरकतं, म्हणून तिथे −१.

जावा: २४ × ० + (−३) = −३
पायथन: २४ × (−१) + २१ = −३

शाळेतलं सूत्र दोघंही पाळतात. भागाकार कुठे थांबवायचा, एवढाच फरक आहे.

आईला हे पेढ्यांतच सांगितलं. शेजारच्या काकूंना तीन पेढे द्यायचे आहेत आणि घरात एकही नाही. जावा म्हणतं, तीनचं देणं आहे. पायथन दुकानातून २४ पेढ्यांचा एक बॉक्स उधार आणतं, तीन देतं आणि हातात २१ राहतात. डोक्यावर एका बॉक्सचं देणं, तोच −१. घड्याळात त्या बॉक्सला म्हणायचं आदला दिवस.

जावात त्यासाठी वेगळी सोय आहे:

```java
Math.floorMod(5 - 8, 24)  // 21
Math.floorDiv(5 - 8, 24)  // -1
```

हे दुरुस्त झाल्यावर मी बाकीच्या ओळीही तपासल्या आणि त्यात एक मोठी चूक सापडली. टोळ्या आठवड्याआड बदलतात. चालू आठवडा ०, पुढचे १, २, मागचे −१, −२. विषम आठवडा ओळखायला मी `n % 2 == 1` लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यांना ते बरोबर चालायचं. पण जावात `-3 % 2` म्हणजे −१, तो १ शी जुळत नाही, म्हणून मागचा प्रत्येक विषम आठवडा सम ठरत होता. स्क्रीनवर एररही येत नव्हती. रात्रपाळीचा भत्ता काढायला मागचे आठवडे उघडले असते, तर एका टोळीचे पैसे दुसऱ्या टोळीच्या नावावर पडले असते. −१ ते −४ हे चारच आकडे घालून पाहिले आणि चारही वेळा "सम" आलं, तेव्हा पकडलं. आता अट `n % 2 != 0` अशी आहे. बाकी १ असो वा −१, शून्य नाही म्हणजे विषम.

भट्टीच्या कागदावर आता "काल, रात्री ९" असं छापून येतं. त्यातला "काल" हा शब्द `floorDiv` च्या −१ वरून येतो.