एकाच योजनेचे दोन दावेदार

नळपाणी योजनेच्या कामासाठी आम्हाला एक अनुभवी साइट इंजिनिअर हवा होता आणि तांत्रिक मुलाखती माझ्याकडे होत्या. मनुष्यबळ विभागाने चाळून पाठवलेल्या रेझ्युमेंपैकी दोघांनी एकाच तालुक्यातील एकाच योजनेचा उल्लेख केला होता. दोघांच्याही कागदावर ‘प्रकल्प मूल्य ४८ कोटी, संपूर्ण साइटची अंमलबजावणी, गुणवत्ता व सुरक्षिततेची जबाबदारी’ असा जवळजवळ शब्दशः सारखा मजकूर होता. एका योजनेची संपूर्ण अंमलबजावणी दोघांनी स्वतंत्रपणे केलेली असणे शक्य नव्हते, म्हणून मी दोघांनाही एकच विचारले: या ४८ कोटींपैकी तुमच्या सहीने मोजमाप-पुस्तकात किती रकमेचे काम नोंदले गेले?

पहिल्याने बराच वेळ घेऊन सांगितले की त्याच्याकडे वितरण वाहिनीचा एक भाग होता. उंच टाक्यांचे काम मात्र ‘आम्ही सगळ्यांनी मिळून’ केले, असे तो म्हणाला. तेव्हा मी टाकीच्या पाणी-चाचणीबद्दल विचारले. ‘दोन दिवस भरून ठेवली होती, गळती नव्हती,’ हे त्याचे उत्तर ऐकल्यावर टाकीचे काम त्याने दुरूनच पाहिले असावे, अशी माझी खात्री झाली. आयएस ३३७० या भारतीय मानकाप्रमाणे टाकी भरल्यावर काँक्रीटला पाणी शोषून घेण्यासाठी सात दिवस द्यावे लागतात. त्यानंतरचे सात दिवस निरीक्षणाचे असतात, आणि उंच टाकीची बाहेरची बाजू त्या काळात कोरडी राहिली तरच ती उत्तीर्ण होते. ज्याने हे चौदा दिवस काढले आहेत, तो दोन दिवस म्हणत नाही.

दुसऱ्याने मात्र सरळ सांगितले, ‘सर, माझ्याकडे एकच टाकी होती. आठ लाख लिटरची, १८ मीटर स्टेजिंगवर, साधारण पावणेदोन कोटींची.’ तळाच्या स्लॅबला एका दिवसात ४५ घनमीटर काँक्रीट ओतले तर ताकदीच्या चाचणीसाठी किती क्यूब घ्याल, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘आयएस ४५६ प्रमाणे चार नमुने, प्रत्येकी तीन, म्हणजे अठ्ठावीस दिवसांसाठी बारा, सात दिवसांचे हवे असतील तर ते वेगळे.’ पुढचे मी विचारलेही नव्हते. निरीक्षणाच्या काळात तळ आणि भिंत यांच्या सांध्याखाली हातभर ओल दिसली, तेव्हा ठेकेदाराने बाहेरून सिमेंटचा हात फिरवून पुढे जाण्याचा आग्रह धरला. याने मात्र टाकी रिकामी करायला लावली. आतून फोडून पाहिल्यावर काँक्रीट ओतताना सांध्यातून पाणी जाऊ न देणारी वॉटरस्टॉपची पट्टी दुमडली गेल्याचे आढळले. तो भाग दुरुस्त करून चाचणी पहिल्या दिवसापासून पुन्हा घेण्यात आली. बिल थांबल्यामुळे सगळे त्याच्यावर चिडले होते.

यातले काहीही त्याच्या रेझ्युमेत नव्हते! तिथे होते ‘शून्य अपघात’. हे दोन शब्द मला सर्वाधिक खटकतात, कारण किती कामगार किती काळ कामावर होते हे सांगितल्याशिवाय त्यांना काहीच अर्थ नसतो. त्या साइटवर साठेक कामगार होते. त्या वेळच्या केंद्रीय नियमांनुसार स्वतंत्र सुरक्षा अधिकारी पाचशे कामगारांपासून बंधनकारक होता, त्यामुळे परांची तपासणे आणि उंचीवरच्या कामाची परवानगी देणे हे सगळे त्याच्यावरच होते. पावसानंतर भरावावर उभारलेले आधार खचू लागले, म्हणून त्याने एकदा ओतकाम थांबवले होते आणि त्याची नोंद साइटच्या वहीत होती. सुरक्षिततेची जबाबदारी म्हणून लिहायला हवी ती ही नोंद.

मी त्याला रेझ्युमेतली नोंद नव्याने लिहायला सांगितली. त्याने लिहिले: ‘योजना ४८ कोटी, माझ्याकडील काम १.७५ कोटी. आठ लाख लिटरची उंच टाकी, स्टेजिंग १८ मीटर, सुमारे ३०० घनमीटर एम-३० काँक्रीट. क्यूब नोंदवही, पाणी-चाचणी, सांधा दुरुस्ती व पुनर्चाचणी. उंचीवरील कामाची परवानगी.’ चार ओळीच होत्या, पण वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारता येत होता.

सुधारित कागद मनुष्यबळ विभागाकडे गेला आणि तिथून उत्तर आले की उमेदवाराची वेतनश्रेणी एक पायरी खाली येते, कारण वरच्या श्रेणीसाठी किमान २५ कोटींच्या प्रकल्पाचा अनुभव लागतो आणि त्यांच्या अर्जात मूल्यासाठी एकच रकाना आहे. त्या रकान्यात कोणीतरी १.७५ भरले होते. आधीच्या मोघम कागदावर मात्र हाच माणूस, आणि त्याच्यासोबत तो दोन दिवसवालाही, वरच्या श्रेणीला पात्र ठरला होता. रकाने आखणाऱ्यांनी कधी मोजमाप-पुस्तक उघडून पाहिले असेल, असे मला वाटत नाही.

मी त्या रकान्यात ४८ लिहायला लावले आणि १.७५ खाली शेऱ्यात नेले, तेव्हा प्रस्ताव मंजूर झाला आणि तो रुजू झाला. अर्जात दुसरा रकाना वाढवावा, अशी लेखी सूचना मी दिली आहे. ती अजून विचाराधीन आहे. आता येणाऱ्या उमेदवारांना पहिल्या ओळीत कोणता आकडा लिहायला सांगावा, हे माझे ठरत नाही, कारण खरा आकडा लिहिणारा माझ्या टेबलापर्यंत पोहोचेलच असे नाही.