पेटीचा क्लास, डॉक आणि भलताच कॅमेरा

कुडाळजवळच्या आमच्या गावातून मी ऑनलाइन पेटी शिकवतो. शिकणारे बहुतेक मुंबईतले, आमच्याकडच्याच चाकरमान्यांची मुलं. गणपतीत आणि मेच्या सुट्टीत गावी येऊन डबलबाऱ्या ऐकलेल्या, त्यामुळे पेटीची ओढ आधीपासूनच आहे. पेटी शिकवताना माझा चेहरा दिसून काही उपयोग नसतो, बोटं दिसावी लागतात. अंगठा तर्जनीखालून कधी निघतो, काळीवरून पांढरीवर येताना मधलं बोट उचललं जातं की घसरत येतं, हे बघूनच शिकायचं असतं. म्हणून माइकच्या आडव्या दांड्याच्या स्टँडवर एक यूएसबी वेबकॅम लावला आहे. तो वरून थेट पट्ट्यांकडे बघतो.

हे सगळं सुरळीत चालू होतं. मग माझी भाची घरून काम करायला गावी आली आणि तिच्या कामासाठी टेबलावर डॉक आला. डॉक म्हणजे एक चपटा डबा. मॉनिटर, कीबोर्ड, इंटरनेटची वायर सगळं त्याला जोडलेलं असतं आणि लॅपटॉपला त्याची एकच केबल लावायची. दिवसा तिचा लॅपटॉप, संध्याकाळी माझा. माझा वेबकॅमही त्याच डॉकवर गेला, कारण पेटी खाली बैठकीवर असते आणि तिथून वेबकॅमची वायर डॉकपर्यंतच पोचत होती.

त्यानंतर क्लासमध्ये चुकीचा कॅमेरा येऊ लागला. क्लास सुरू करावा तर समोर लॅपटॉपच्या झाकणातल्या कॅमेऱ्याचं चित्र. पलीकडून एका मुलाचे वडील सांगायचे, "बुवा, बोटां दिसनत नाय, तुमचा तोंडच दिसता." मी सेटिंगमध्ये जाऊन वेबकॅम निवडायचो, क्लास व्हायचा. दोन दिवसांनी पुन्हा तेच. कधी तर अर्ध्या क्लासमध्येच चित्र बदलायचं, आणि ते मला कळायचं नाही, कारण वाजवताना माझं लक्ष पेटीवर असतं, स्क्रीनवर नसतं. मूल बिचारं संकोचाने बोलत नाही, आणि सगळा पलटा माझा चेहरा बघत ऐकतं.

क्लासच्या सुरुवातीलाच कॅमेरा चुकणं आणि क्लास चालू असताना तो बदलणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सुटं करायला मला वेळ लागला. ज्यांच्याकडे असं होतंय त्यांनी आधी हेच बघावं, कारण दोन्हींचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

पहिली गोष्ट घेतो. भाचीने एका रविवारी माझ्याबरोबर बसून हे उलगडलं. कॉलचं अॅप तुमचा कॅमेरा लक्षात ठेवतं ते आपल्याला दिसणाऱ्या नावाने नाही, तर त्यामागच्या एका लांबलचक ओळखीने. ही ओळख विंडोज तयार करतं. काही वेबकॅममध्ये कारखान्यातूनच सीरियल नंबर घातलेला असतो. तो असला की वेबकॅम कुठेही लावा, ओळख तीच राहते. माझ्यासारख्या साध्या वेबकॅममध्ये तो नसतो. मग विंडोज तो कुठल्या पोर्टला लावलाय त्यावरून ओळख ठरवतं. पोर्ट बदललं की विंडोजच्या लेखी तो नवा कॅमेरा. नाव तेच दिसतं, म्हणून आपल्याला काही बदललंय असं वाटतच नाही.

आमच्या डॉकवर नेमकं हेच रोज होत होतं. भाचीला पेन ड्राइव्ह किंवा हेडफोन लावायचा असला की ती माझी वायर काढायची आणि काम झालं की जे पोर्ट मोकळं असेल त्यात परत लावायची. संध्याकाळी अॅप जुनी ओळख शोधायचं, ती सापडायची नाही, मग यादीतला दुसरा कॅमेरा घ्यायचं. तो झाकणातला.

हे डोळ्यांनी बघता येतं. स्टार्टमध्ये PowerShell उघडून ही ओळ टाकायची:

```
Get-PnpDevice -Class Camera | Format-List FriendlyName, Status, InstanceId
```

माझ्याकडे झाकणातला कॅमेरा एकदा आला आणि वेबकॅम मात्र अनेकदा, प्रत्येक वेळी त्याच नावाने. त्यातल्या एकाच नोंदीपुढे `Status` मध्ये `OK` होतं, बाकीच्यांपुढे `Unknown`, म्हणजे पूर्वी कधीतरी जोडलेला, आत्ता नाही. ओळखीच्या ओळी साधारण अशा होत्या (कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक मी झाकला आहे):

```
USB\VID_XXXX&PID_XXXX&MI_00\7&1A2B3C4&0&0000
USB\VID_XXXX&PID_XXXX&MI_00\8&2D9E071&0&0000
```

पहिला भाग सारखा, कारण वेबकॅम तोच आहे. शेवटचा भाग वेगळा, कारण पोर्ट वेगळं. तुमच्या कॅमेऱ्याचं काय आहे ते बघायचं तर ही आज्ञा चालवा, वायर दुसऱ्या पोर्टला लावा आणि पुन्हा चालवा. नवी नोंद आली तर तुमचा कॅमेरा माझ्यासारखा. जुनीच नोंद `OK` राहिली तर दोष पोर्टचा नाही, दुसरीकडे शोधायचा. यादीत वेबकॅम मुळीच आला नाही तर `Camera` च्या जागी `Image` लिहून बघा, काही जुने कॅमेरे त्या गटात नोंदलेले असतात.

या `Unknown` नोंदी काढून टाकल्या तर बरं होईल असं वाटतं. Device Manager मध्ये View मधून Show hidden devices केलं की त्या फिकट दिसतात आणि काढताही येतात. मी काढल्या, आणि काहीही फरक पडला नाही. अॅपला आत्ता जोडलेले कॅमेरेच दिसतात, या जुन्या नोंदी त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. तेवढा वेळ तुम्ही घालवू नका.

उपाय एकच, वेबकॅमला कायमचं एक पोर्ट. ते ठरलं की मगच अॅपमध्ये कॅमेरा निवडायचा. कॉल ब्राउझरमधून करत असाल तर क्रोममध्ये `chrome://settings/content/camera` हा पत्ता टाकून तिथे वर वेबकॅम निवडून ठेवायचा, म्हणजे वेबसाइटने स्वतः काही मागितलं नाही तर क्रोम तोच देतं. ब्राउझरच्या कुकीज पुसल्या की मात्र साइटने लक्षात ठेवलेली निवड जाते, कारण क्रोम प्रत्येक साइटला कॅमेऱ्याची वेगळी ओळख देतं आणि कुकीजबरोबर ती बदलते. सफाई केली की पुन्हा एकदा निवडायचं.

आता दुसरी गोष्ट, क्लास चालू असताना चित्र बदलण्याची. ही आमच्या भागाची खरी अडचण आहे. जूनपासून पाऊस धरला की लाइट जाते, कधी तासभर, कधी नुसती पापणी लवल्यासारखी. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे क्लास चालू राहतो. राउटर आमच्याकडे इन्व्हर्टरवर आहे. पण डॉक भिंतीवरच्या विजेवर चालतो. लाइट गेली की डॉक बंद, आणि डॉकबरोबर त्याला लावलेला वेबकॅमही. अॅपला कॅमेरा नाहीसा झालेला दिसतो, ते झाकणातला घेतं. लाइट परत येते, डॉक उठतो, वेबकॅमचा दिवा पेटतो, विंडोज टुणकन आवाजही करतं. पण अॅप परत वेबकॅमवर जात नाही. ज्या कॅमेऱ्यावर ते आहे तो चालू आहे ना, मग बदलायचं कारण त्याला दिसत नाही.

तुमच्याकडे हेच होतंय का हे बघायला लाइट जायची वाट बघू नका. एखाद्याला कॉल लावा आणि डॉकचं बटण बंद करून दहा सेकंदांनी चालू करा. चित्र बदललं आणि तसंच राहिलं तर हेच.

यावर मी जे केलं ते असं. वेबकॅम डॉकवरून काढून थेट लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टला लावला. तिथे त्याला वीज लॅपटॉपच्या बॅटरीतून मिळते, त्यामुळे लाइट गेली तरी तो जागेवर असतो. मॉनिटर काळा होतो, पण बोटं दिसत राहतात. याने पोर्टचा प्रश्नही सुटला, कारण भाची दिवसा तिचा लॅपटॉप वापरते आणि माझ्या लॅपटॉपच्या पोर्टला कुणी हात लावत नाही. त्या पोर्टशेजारी मी पांढरी चिकटपट्टी लावून "पेटी" असं लिहून ठेवलं आहे.

शिवाय एक गोष्ट केली, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. झाकणातला कॅमेरा विंडोजमधूनच बंद केला. विंडोज 11 मध्ये Settings, मग Bluetooth & devices, मग Cameras; तिथे झाकणातला कॅमेरा उघडून Disable. आता वेबकॅमची वायर ढिली झाली तर अॅपला घ्यायला दुसरा कॅमेरा उरतच नाही. चित्रच जातं. काळा चौकोन दिसला की मूल लगेच ओरडतं, "सर, काहीच दिसत नाही!" चुकीचं चित्र मात्र ते निमूट बघत बसतं. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने पहिलं कितीतरी बरं.

याला मर्यादा आहेत. Disable करायला लॅपटॉपवर अॅडमिनचा हक्क लागतो, म्हणून भाचीच्या कंपनीच्या लॅपटॉपवर हे होत नाही. तिने एकच पोर्ट पाळायचं ठरवलं आहे. चेहरा दाखवून लॅपटॉप उघडत असाल तर ते अडू शकतं, तेव्हा आधी पिन आठवतोय ना ते बघा. आणि झाकणातल्या कॅमेऱ्याजवळ कधीकधी दुसरा इन्फ्रारेड कॅमेरा असतो, चेहरा ओळखण्यासाठीचा. कॉलमध्ये राखाडी, लुकलुकणारं चित्र आलं तर अॅपने तो घेतला आहे असं समजा आणि सेटिंगमध्ये जाऊन कॅमेरा बदला.

थेट लॅपटॉपला लावायचं म्हटल्यावर वायर पुरेना. लॅपटॉप टेबलावर, पेटी खाली, आणि स्टँड मध्ये. साध्या यूएसबी 2.0 वायरची एकूण लांबी 5 मीटरच्या आत ठेवावी लागते, त्यापुढे कॅमेरा मधूनच तुटायला लागतो आणि आपण पुन्हा अॅपलाच दोष देत बसतो. वेबकॅमची स्वतःची वायर दीड मीटर आहे, म्हणून मी 3 मीटरची एक्स्टेंशन घेतली आणि ती स्टँडच्या दांड्याला दोन ठिकाणी सुतळीने बांधली, म्हणजे भात्याच्या हाताचा धक्का लागून जोड सुटत नाही.