उणे पावणेनऊ व्होल्ट

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी डिप्लोमाच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. चाचणीचे पेपर तपासायला बसलो, तेव्हा रेक्टिफायरचा प्रश्न पटापट पुढे सरकला. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज असताना बहुतेकांनी लहरीचा माथा १२ वरच काढला होता. १२ हे आरएमएस मूल्य. माथा १७ च्या आसपास जातो आणि दोन डायोडचे १.४ वजा केले की साधारण १५.६ उरतो. ही चूक लाल शाईने सुधारली की मिटते.

अडलो ते एका ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी. पुरवठा १२ व्होल्ट, बेसला २४० किलोओहम, कलेक्टरला २.२ किलोओहम. बीटा म्हणजे कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट, तो आकडा. तो प्रश्नात दिलाच नव्हता, ती माझी चूक. उत्तरतालिकेत मी १०० धरला होता. बेस करंट ४७ मायक्रोअँपिअर, कलेक्टर करंट ४.७ मिलिअँपिअर आणि कलेक्टर-एमिटर व्होल्टेज सुमारे १.६.

एका मुलीने मात्र बीटा २०० धरून उत्तर काढलं होतं, उणे ८.७ व्होल्ट. खाली छान उलटी साइन लहर. मी दोन्हीवर फुली मारली. पेपर परत दिल्यावर ती म्हणाली, "सर, लॅबात हेच सर्किट जोडलं होतं, मीटर तं ०.१ दाखवून राह्यलं. मग १.६ कसं?"

तिला घेऊन लॅबमध्ये गेलो. तिचा बीसी५४७ ट्रान्झिस्टर मीटरच्या खाचेत घातला, तर बीटा २१० आला. म्हणजे तिचा अंदाज माझ्यापेक्षा जवळचा होता, चुकलं होतं ते त्यापुढचं. २.२ किलोओहममधून १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ५.४ मिलिअँपिअर जाऊ शकतात आणि तिचा हिशेब ९.४ मागत होता. तेवढा करंट येणार कुठून? ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे पूर्ण उघडलेल्या अवस्थेत गेलेला, तिथे बीटाचा गुणाकार चालत नाही. लहान सिग्नल दिला तर आउटपुटला तळाशी जवळपास सपाट रेघच दिसते. आमच्या जुन्या स्कोपवर तशीच दिसली.

मग बेसला ८२० किलोओहम लावला. मीटर साडेपाचच्या वर स्थिरावलं आणि साइन लहर नीट उलटी आली. त्याच पाकिटातला दुसरा बीसी५४७ लावून पाहिला. त्याचा बीटा २९० निघाला आणि व्होल्टेज तीनच्या थोडं वर येऊन थांबलं. ती बराच वेळ दोन्ही ट्रान्झिस्टर आलटून पालटून लावत बसली. एमिटरखाली रेझिस्टर का घालतात, हे तिनेच विचारलं.

त्या रात्री सगळे पेपर पुन्हा काढले. ज्यांनी धरलेला बीटा लिहून ५.४ च्या मर्यादेशी ताडून पाहिला होता, त्यांना पूर्ण गुण दिले. तसे तिघेच निघाले. तिच्या पेपरवरची आकड्याची फुली खोडून अर्धे गुण दिले, लहरीवरची तशीच ठेवली.