मुलांनी आखलेल्या साठीच्या समारंभाला नकार देताना

“तुम्ही साठीचा कार्यक्रम नको म्हणालात आणि घरात कुणी रागावलंही नाही. आमच्याकडे मुलांनी गुपचूप हॉल ठरवला आहे. कृतघ्न न ठरता नाही कसं म्हणायचं?”

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. असा समारंभ बाहेरून एकच दिसत असला, तरी त्यात घरातल्या निरनिराळ्या माणसांच्या निरनिराळ्या इच्छा असतात. आपण सगळ्याला एकदम नाही म्हटले, तर ज्याची जी इच्छा असते ती झिडकारल्यासारखी होते, आणि दुखावते ती नेमकी तिथेच. म्हणून नकार देण्यापूर्वी कुणाला काय हवे आहे, हे मी आधी शोधले.

देवासच्या एका नातेवाइकाने फोनवर आगाऊ अभिनंदन केले, तेव्हा मला बेत कळला. इंदूरमधले एक मॅरेज गार्डन, दोनशे पाने, व्यासपीठ, सत्कार आणि भाषणे असा तो बेत होता, आणि तो महिन्याभरावर आला होता. मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर काहीही लिहिले नाही, कारण चारचौघांत आलेला नकार मुलाला अपमानासारखा वाटला असता. पुढाकार मुलाचा होता, म्हणून त्याच्याशीच एकट्याने बोललो. “मला कळले आहे, कुणाकडून ते विचारू नकोस,” एवढे आधी सांगितल्यामुळे ज्यांच्या तोंडून गुपित फुटले, त्यांच्यावर राग निघाला नाही.

त्यानंतर मी त्याला विचारले की, या दिवसात तुला स्वतःला काय हवे आहे. त्याला माझे बँकेतले जुने सहकारी आणि सगळे चुलते एकत्र आलेले पाहायचे होते. पुण्याच्या मुलीने जुने फोटो गोळा करून ते पडद्यावर दाखवण्याची तयारी चालवली होती. पत्नीला मात्र गार्डनमध्ये काहीच रस नव्हता; तिला षष्ट्यब्दीची शांत हवी होती, कारण तिच्या माहेरी ती सगळ्यांची झाली आहे आणि त्या दिवशी पती-पत्नी पुन्हा एकमेकांना हार घालतात. यांपैकी एकाही गोष्टीला माझा विरोध नव्हता. मला नको होते ते व्यासपीठ, आणि दोनशे लोकांसमोर बसून स्वतःची स्तुती ऐकणे.

नकाराचे कारण मी एवढे एकच दिले. गुडघे दुखतात, खर्च फार होतो, उन्हाळा आहे, अशी कारणे जोडत गेलो असतो, तर प्रत्येकाला तोड निघाली असती: खुर्ची ठेवू, खर्च आम्ही करू, कूलर लावू. प्रेमाने आग्रह करणारी माणसे अशी कारणे एकेक करून निकालात काढतात आणि शेवटी आपल्याकडे नुसता हट्ट उरतो. “बरं, पन्नासच माणसे बोलवू,” असे मुलगा म्हणाला, तेव्हा त्याने माझे म्हणणे संख्येचे समजले आहे हे लक्षात आले, आणि मी पुन्हा सांगितले की पाचच माणसे असली तरी सत्कार नको.

त्याच बैठकीत मी पर्यायही ठरवून टाकला, कारण “पुढे बघू” या शब्दांवर कुणाचाच विश्वास बसत नाही. तिथीने येणाऱ्या वाढदिवशी घरी शांत, गुरुजी आणि जवळचे नातेवाईक; तारखेच्या दिवशी संध्याकाळी मुलीचे फोटो आणि साठ दिव्यांनी औक्षण; आणि सहकाऱ्यांना दोन रविवारी सकाळी थोडे थोडे करून पोहे-जिलबीला बोलावणे. गार्डनचा बयाणा दिलेला होता. तो मी भरून देतो, असे म्हणालो नाही, कारण मुलाने प्रेमाने दिलेल्या पैशाचा हिशेब मांडणे त्याला अधिक लागले असते. केटररला पानांचा पक्का आकडा अजून दिलेला नव्हता, त्यामुळे तिथे काही अडले नाही; आणि गार्डनच्या मालकाने तीच रक्कम पुतणीच्या साखरपुड्याच्या तारखेला वळवून दिली.

हे जमले, कारण वेळ हाताशी होता. बाहेरगावचे पाहुणे गाडीत बसल्यावर तुम्हाला कळले, तर समारंभ मोडू नका. तेव्हा फक्त भाषणे, सत्कार आणि व्यासपीठ काढून टाकायला सांगा आणि पाहुण्यांमध्ये मिसळून जेवा.

निमंत्रण पोचलेल्या लोकांना फोन मात्र मी स्वतः केले. मुलाने केले असते, तर घरात काही बिनसले आहे, अशी शंका प्रत्येकाला आली असती. ग्वाल्हेरच्या मामांनी रेल्वेचे आरक्षण केलेले होते. त्यांना ते रद्द करू नका, असे सांगितले आणि शांतीच्या दिवसापर्यंत आमच्याकडेच ठेवून घेतले.