टबाखालच्या दोन रेघा

डिसेंबरातल्या एका सकाळी कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं ड्रायक्लीनचं दुकान उघडायच्या आधीच मोबाईलवर एक फोटो येऊन पडला होता. पांढरा टॅग, त्यावर काळी चिन्हं, कडेला कुणाचं तरी बोट. खाली एकच ओळ: "दादा, हे धुतलं तर चालंल का?"

असे फोटो आठवड्याला दहा-पंधरा तरी येतात. विचारणाऱ्याला हो की नाही एवढंच हवं असतं. पण टॅग एका प्रश्नाचं उत्तर देत नाही, पाच प्रश्नांची देतो, आणि तीही ठरलेल्या क्रमानं: आधी पाण्यात धुणं, मग ब्लीच, मग वाळवणं, मग इस्त्री, शेवटी दुकानातली धुलाई. टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री, गोल. हा क्रम डोक्यात पक्का असला की एखादं चिन्ह पुसट दिसलं तरी ते कशाबद्दल आहे हे त्याच्या जागेवरून कळतं. ही चिन्हं पॅरिसच्या जिनेटेक्स संस्थेची, आणि आयएसओ 3758 हे मानक त्यांच्यावरच बेतलेलं आहे. त्यामुळे कपडा कुठल्याही देशात शिवलेला असला तरी बहुधा हीच भाषा भेटते.

या फोटोत दोन ठिकाणी गडबड होती. पहिली टबावर. टबाच्या मधोमध एक तिरकी रेघ दिसत होती, आणि ती फुलीची असेल तर उत्तर तिथंच संपत होतं. टबावर फुली म्हणजे घरी पाण्यात धुवायचं नाही, मशीनमध्ये नाही आणि हातानंही नाही. "हातानं हलकं धुतलं तर?" असं पुष्कळ जण विचारतात; फुलीत ते हलकं धुणंही येतं. फोटो मोठा करून पाहिला तर रेघ एकच होती आणि ती टबातून निघून शेजारच्या त्रिकोणापर्यंत गेली होती. फुली दोन रेघांची असते, चिन्हाइतक्याच जाड शाईची असते, आणि त्या एकाच चिन्हापुरती असते. घडीची सावली मात्र एकीकडे उजळ, एकीकडे काळी दिसते आणि पुढे कुठंही जाते. ही घडीच होती. टबात 30 हा आकडा स्वच्छ वाचता येत होता.

दुसरी गडबड जास्त घातक होती. टबाचा तळ आणि टॅगची शिलाई एकमेकींना चिकटलेली, आणि शिलाईत दुमडलेल्या भागात नेमकं काय आहे ते दिसत नव्हतं. टबाखाली रेघ नसेल तर नेहमीचं धुणं. एक रेघ असेल तर सौम्य. दोन रेघा असतील तर अतिशय सौम्य, म्हणजे मशीनमधला लोकरीचा प्रोग्राम. तिन्हींत आकडा 30 च असू शकतो, आणि नुसता आकडा वाचून "हो, तीस अंशांवर धुवा" म्हणून टाकलं की स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होऊन परत येतो.

म्हणून उत्तर दिलं नाही, उलट चार गोष्टी मागितल्या. टॅग तळहातावर सपाट धरून खिडकीपाशी, फ्लॅश न लावता फोटो काढा. झूम करू नका, मोबाईलच जवळ न्या. टॅगची मागची बाजू आणि आतली पानंही पाठवा. आणि कपड्याला काय झालंय, त्यावर आत्तापर्यंत काय लावलंय, ते सांगा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि अशा बारीक रेघाच आधी जातात, म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं.

फोटो पाठवणाऱ्या काकूंचा फोनच आला. "सुनेचा स्वेटर हाय दादा, पुण्याहून आलीया. जेवताना तांबडा रस्सा सांडला. मी लगेच कपड्याचा साबण चोळला, तर पिवळा डाग लालभडक झाला. आता हात लावायलाच भ्या वाटतंय."

त्या एका वाक्यात टॅगवर नसलेलं सगळं होतं. डाग वाढला नव्हता, हळदीनं रंग बदलला होता. हळदीचा पिवळा रंग साबणाच्या क्षारानं लालसर तपकिरी होतो आणि आंबट लावलं की पुन्हा पिवळा होतो. त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. पण वडीचा साबण क्षारयुक्त होता, आणि लोकरीला क्षारही सोसत नाही आणि चोळणंही. त्यांना एवढंच सांगितलं: चोळू नका, गरम पाणी लावू नका. अर्धा लिटर गार पाण्यात एक चमचा पांढरा व्हिनेगर घाला, त्यात स्वच्छ सुती फडकं बुडवून पिळा, आणि साबण लागलेली जागा वरून नुसती टिपत राहा. दहा मिनिटांत डाग पिवळा झाल्याचा निरोप आला. डाग गेला नव्हता, पण साबणाचा क्षार मारला गेला होता आणि ते जास्त महत्त्वाचं होतं.

नवे फोटो नीट आले. टबाखाली दोन रेघा. मागच्या पानावर 80 टक्के लोकर, 20 टक्के पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉन. त्रिकोणावर फुली. चौकोनातल्या गोलावर फुली, म्हणजे ड्रायर नको. शेजारी दुसरा चौकोन, त्यात मध्ये आडवी रेघ आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एक तिरकी रेघ: सपाट पसरून, सावलीत वाळवा. इस्त्रीत एक ठिपका. शेवटी गोल, त्यात एक अक्षर, खाली एक रेघ.

त्या अक्षरावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. पहिल्या फोटोत ते 'पी' वाटलं होतं. नव्या फोटोत वरचं डोकं बंद नव्हतं, दोन आडव्या रेघा मोकळ्या सुटल्या होत्या: 'एफ'. फरक एका अर्धगोलाचा, पण 'पी' असेल तर पर्कमध्ये, म्हणजे परक्लोरोइथिलीनमध्ये, ड्रायक्लीन चालतं. 'एफ' असेल तर पर्क नको, फक्त पेट्रोलियम जातीची द्रावकं. आमच्याकडे एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन ऑइल, आहे. लोकरीला स्वतःला पर्कचं काही वावडं नसतं, मग 'एफ' का? उत्तर बटणांत होतं. मोत्यासारखा मुलामा दिलेली प्लास्टिकची बटणं. काही प्लास्टिक पर्कमध्ये मऊ पडतं आणि वरचा थर सोलून निघतो. टॅग नुसत्या कापडाचा नसतो, अख्ख्या कपड्याचा असतो. बटण, अस्तर, कशिदा यांतलं जे सगळ्यात नाजूक, त्याच्या सोयीनं चिन्ह ठरतं.

आता मूळ प्रश्न. धुता येईल का? हो, येईल. पण काकूंच्या घरी अर्धस्वयंचलित मशीन होतं, आणि दोन रेघांसाठी ते नाहीच. त्याची चकती कपडा घुसळते. लोकरीच्या केसांवर खवले असतात. ओलावा, ऊब आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकत जातात आणि कपडा आटून घट्ट होतो. मग तो ओढून, वाफ देऊन मूळ मापावर येत नाही. म्हणजे त्यांच्यासाठी टॅगचा अर्थ एकच उरला: हातानं.

डाग मात्र आधी इथं आणा म्हटलं. रश्श्याचा कट म्हणजे तेल, आणि मिरचीचा लाल रंग त्या तेलात विरघळलेला. तेल द्रावकानं आधी काढलं की रंगाचा मोठा भाग त्याच्याबरोबर जातो. 'एफ'नं एमटीओची वाट मोकळी ठेवली होती. शिवणीच्या आतल्या बाजूला थेंब टाकून आधी रंग जातो का पाहिलं, बटणांवर फॉइल गुंडाळलं, डागाखाली पांढरं फडकं ठेवलं आणि कडेकडून मध्याकडे टिपत आणलं. मधून बाहेर गेलं तर डागाभोवती कडं उमटतं. तिसऱ्या फडक्यावर लाल यायचं थांबलं. राहिली फिकट हळद.

इथं त्रिकोणावरची फुली आडवी येते. त्रिकोणात दोन तिरक्या रेघा असत्या तर ऑक्सिजनवाला डागनाशक चालला असता. फुली म्हणजे तोही नको. क्लोरीनचं ब्लीच तर लोकरीला पिवळं पाडतं आणि खाऊन टाकतं. पुष्कळ धुण्याच्या पावडरींत ऑक्सिजनवालं ब्लीच आणि प्रथिनं तोडणारी विकरं असतात. लोकर हे प्रथिनच आहे. टॅगवर पावडरीचं नाव नसतं, पण फुली मारलेला त्रिकोण आणि लोकरीची टक्केवारी एकत्र वाचली की साधी पावडर बाद होते.

धुणं काकूंनी घरीच केलं, आम्ही सांगितलं त्याप्रमाणे. आधी स्वेटर वर्तमानपत्रावर पसरून पेन्सिलीनं कडा गिरवून घेतल्या. पाच लिटर नळाचं पाणी. कोल्हापूरच्या डिसेंबरात ते तीस अंशांच्या बरंच खाली असतं, आणि आकडा ही वरची मर्यादा आहे, तेवढं तापवलंच पाहिजे असं नाही. त्यात लोकरीसाठीचा द्रव साबण, साधारण दहा मिली. स्वेटर उलटा करून बुडवायचा, तीन-चार मिनिटं तळहातानं दाबायचा आणि सोडायचा, चोळायचा नाही. तितक्याच गार पाण्यात दोनदा खळबळायचा. काढताना दोन्ही हात खालून घालून उचलायचा, कारण भिजलेली लोकर स्वतःच्या वजनानं लांबते. पिळायचा नाही, जाड टॉवेलात गुंडाळी करून दाबायचा.

गच्चीवर न नेता खोलीत पंख्याखाली, गिरवलेल्या कागदाशेजारी माप जुळवत सपाट पसरला. काकूंचा मोह वेगळा होता, आणि तो अडाणीपणाचा नव्हता: "हळद उन्हानं जाती, जरा उन्हात टाकू का?" हळद उन्हात उडते हे खरंच आहे. पण टॅगवरच्या चौकोनातली तिरकी रेघ सावली सांगते, आणि क्रीम रंगाची लोकर उन्हात पिवळी पडते. डाग जाईल आणि बाकीचा स्वेटर डागाच्या रंगावर येईल. खिडकीतून येणारा उजेड हळूहळू तेच काम करतो, आणि तो चालतो. दुसऱ्या बटणाखाली शेवाळी-पिवळी अशी एक छटा राहिली, बोटाच्या पेराएवढी, आणि ती सुनेला आधीच सांगून ठेवा, हेही काकूंना बोललो.

इस्त्रीचा शेवटचा प्रश्न संध्याकाळी आला. एक ठिपका म्हणजे तळ साधारण 110 अंशांपर्यंत, आणि वाफ नको. शुद्ध लोकरीवर बहुधा दोन ठिपके दिसतात. इथं एकच आहे तो मिश्रणातल्या नायलॉनमुळे असावा. इस्त्रीच्या चकतीवरही तेच ठिपके असतात, ते जुळवायचे, वर सुती कापड ठेवायचं, आणि बटणांच्या पट्टीपाशी इस्त्री न्यायचीच नाही.